२३२ कोटी पर्यटक आणि माझ्या सहा खोल्या

बँकेतल्या मॅडमनी माझ्या प्रकल्प अहवालाचं अकरावं पान उघडलं, पेन्सिल हातात घेतली आणि विचारलं, "काका, आपल्या देशाची लोकसंख्या किती हो?"

"एकशे चाळीस कोटी."

"मग हे २३२ कोटी पर्यटक कुठून आणलेत?"

ही गोष्ट जानेवारी २०२३ मधली. नाशिकच्या कारखान्यातून निवृत्त होऊन मी इगतपुरीला परतलो होतो. भावली धरणाच्या अंगाला आमची वडिलोपार्जित जमीन आहे, तिथे सहा खोल्यांचं कृषी पर्यटन केंद्र काढायचं होतं. बाजारपेठेचं प्रकरण मीच लिहिलं होतं, पंधरा दिवस कात्रणं जमवून. मला त्याचा फार अभिमान होता.

तो २३२ कोटींचा आकडा खोटा नव्हता. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाच्या २०१९ च्या तक्त्यात तो आहे, पण तिथे तो 'भेटीं'चा आहे, माणसांचा नाही. राज्यांनी दिलेल्या आकड्यांची ती बेरीज आहे. एकच माणूस त्या वर्षी तीन राज्यांत फिरला तर तो तीनदा मोजला जातो, आणि देवदर्शनाला गेलेलाही त्यात येतो. बातमीदाराने 'भेटी' हा शब्द गाळून 'पर्यटक' लिहिलं. मी बातमीवरून उतरवून घेतलं आणि खाली ठसक्यात 'स्रोत : पर्यटन मंत्रालय' असं टाकलं. मंत्रालयाचा तक्ता मी उघडूनसुद्धा पाहिला नव्हता. वाचली बातमी आणि नाव लावलं सरकारचं, ही माझी पहिली लबाडी. तेव्हा मात्र ती लबाडी वाटली नाही.

दुसरी जास्त लाजिरवाणी आहे. कृषी पर्यटन दरवर्षी किती टक्क्यांनी वाढणार, याचा एक भलामोठा आकडा मी दिला होता आणि त्याच्या पुष्ट्यर्थ चार वेगवेगळ्या ठिकाणच्या बातम्या जोडल्या होत्या. चार साक्षीदार म्हणजे खटला जिंकलाच! मॅडमनी चारही कात्रणं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. दुसऱ्या परिच्छेदातलं एक वाक्य चारही ठिकाणी शब्दशः तेच होतं. मी घरी येऊन तो आकडा अवतरणचिन्हांत घालून शोधला आणि सगळ्यांत जुनी तारीख गाठली, तेव्हा मूळ सापडलं : अहवाल विकणाऱ्या एका कंपनीचं प्रसिद्धिपत्रक. चारपैकी दोन बातम्यांच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की या मजकुराची जबाबदारी संपादकांची नाही. एकीवर तर 'प्रायोजित' असा शिक्काच होता, आणि कात्रण काढताना माझ्या कात्रीने नेमका तोच कोपरा उडवला होता. मुद्दाम नाही, असं मी आजही म्हणतो.

मूळ अहवाल लाखाच्या घरातल्या किमतीचा. माझ्याकडे होतं ते त्याचं फुकट मिळणारं दीड पान. त्यात बाजाराचा आकार आणि वाढीचा दर होता. कोणाला विचारलं, किती जणांना विचारलं, कोणत्या राज्यांत, याबद्दल 'प्राथमिक व दुय्यम संशोधनाच्या आधारे' एवढंच. त्याच कंपनीची इतर पानं चाळली तर प्लास्टिकच्या झाकणांपासून कुत्र्यांच्या खाद्यापर्यंत प्रत्येक धंद्याचा अहवाल तिच्याकडे होता, आणि वाक्यरचना सगळीकडे एकच, फक्त मालाचं नाव बदललेलं. आणखी एका कंपनीचा अहवालही मला मिळाला होता. त्यात याच बाजाराचा आकार फार लहान होता, कारण त्यांनी फक्त शेतावरचा मुक्काम धरला होता आणि पहिल्यांनी आसपासची हॉटेलंही. दोन्ही माझ्या समोर होते. मी मोठा उचलला. धाकट्याचा माझ्या अहवालात उल्लेखही केला नाही.

आता इगतपुरीकडे येतो, कारण खरी फजिती इथली आहे. 'विपश्यनेसाठी देशविदेशांतून हजारो साधक इगतपुरीत' अशा अर्थाचा एक लेख मी जोडला होता आणि त्यातले थोडे आपल्याकडे राहतील असं गृहीत धरलं होतं. लेखात चूक काहीच नव्हती. धम्मगिरीचं केंद्र १९७६ पासून आहे, माणसं खरंच येतात. पण दहा दिवसांच्या शिबिरात साधक आवाराबाहेर पाऊल टाकत नाही, मौन पाळतो, राहणं-जेवण आतच असतं आणि खर्च दानावर चालतो. म्हणजे गावात येऊन एक रुपयाही बाहेर खर्च न करणारा पाहुणा मी माझ्या गिऱ्हाइकांत धरला होता. मूळच्या इगतपुरीच्या माणसाने! बायको म्हणाली, "स्टेशनवर उतरणाऱ्यांना कोण कशाला आलंय हे तुम्हाला दिसत नाही का?" दिसत होतं. छापलेलं वाचलं की डोळ्यांना दिसतं ते आपण बाजूला ठेवतो.

खोल्या किती दिवस भरतील हा पुढचा प्रश्न. माझा आधार : 'इगतपुरीत सर्व हॉटेलं फुल्ल'. बातमी जुलैची, शनिवारची, आणि माहिती देणारा स्वतः हॉटेलमालक. मी विनयाने ती शंभर टक्क्यांवरून साठवर आणली आणि वर्षाला लावली : सहा खोल्या गुणिले ३६५ म्हणजे २,१९० रात्री, त्याचे साठ टक्के १,३१४. मॅडम म्हणाल्या, पावसाळ्याचे शनिवार-रविवार मोजून आणा. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर पंधरा आठवडे. शुक्रवार-शनिवारच्या रात्री धरल्या तर तीस. सगळ्या खोल्या भरल्या तरी १८० रात्री. उरलेल्या १,१३४ रात्री मला उन्हाळ्यात, थंडीत आणि मंगळवारी-बुधवारी भरायच्या होत्या.

मग मी आसपासच्या हॉटेलचालकांना विचारलं. गिऱ्हाईक म्हणून फोन केला तर "जागा नाही", शेजारी म्हणून गेलो तर "धंदाच नाही". दोन्ही उत्तरं निरुपयोगी. शेवटी त्यांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीवाल्याकडे बसलो. त्याची वही कुणाला दाखवायला लिहिलेली नव्हती. ऑगस्टमधल्या सोमवारी गठ्ठ्यांची रांग, फेब्रुवारीत पानंच्या पानं जवळजवळ कोरी.

समृद्धी महामार्गाचं राहिलं. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, आणि बातम्यांत पुढचा रस्ता वर्षभरात होणार होता. मी दुसऱ्या वर्षापासून उत्पन्नात वाढ दाखवली. प्रत्यक्षात भरवीर ते इगतपुरी टप्पा मार्च २०२४ मध्ये सुरू झाला, इगतपुरी ते आमणे ५ जून २०२५ ला. घडलेल्या गोष्टीची बातमी आणि 'होणार' म्हणून सांगितलेल्या गोष्टीची बातमी मी एकाच यादीत ठेवली होती. कर्जाचा हप्ता त्या 'होणार'वर बांधला असता तर दीड वर्ष घरातून भरावा लागला असता. शिवाय कसारा घाटाखालच्या सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून सुसाट जाणारा मुंबईकर इगतपुरीला उतरेल की थेट शिर्डी गाठेल, हे एकाही बातमीने विचारलं नव्हतं. मीही नाही.

दुसऱ्या अहवालात बाजारपेठेचं प्रकरण अडीच पानांचं झालं. प्रत्येक आकड्यापुढे तो मी कुठे वाचला आणि त्यांनी तो कुठून घेतला, असे दोन रकाने. दुसरा रकाना रिकामा राहिला तो आकडा काढला. देशाचा बाजार गेलाच. खोल्या सहाच्या तीन झाल्या, कर्ज निम्म्याहून कमी. मॅडमनी तो वाचून पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाल्या, "लाँड्रीवाल्याचं नाव स्रोतात घालू नका हां, त्याची गिऱ्हाइकं तुटतील." मी 'स्थानिक सेवा पुरवठादाराची नोंदवही' असं लिहिलं.