आकृतीचा क्रम, सिद्धतेचा क्रम

कोणती घटना आधी आणि कोणती नंतर, हे निश्चित झाल्याशिवाय कारणांविषयी बोलू नये, अशी सवय इतिहासाच्या अभ्यासकाला जडलेली असते. सायंकाळच्या अभ्यासिकेत भूमिती शिकविण्याचे काम मजकडे आले, तेव्हा हीच सवय कामी आली. पाठ्यपुस्तकातील आकृती पूर्ण झालेली असते. तिच्यातील कोणत्या रेषा मूळच्या आणि कोणती रेषा सिद्धतेसाठी मागाहून काढलेली, हे मुलांना दिसत नाही. म्हणून मी जिओजेब्रा या संगणकीय साधनावर आकृती एकेक रेषेने उभी करू लागलो.

त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश असते, हेच प्रमेय घेऊ. पडद्यावर प्रथम केवळ त्रिकोण अबक येतो. येथे मी थांबतो आणि विचारतो, "तीन कोन तीन कोपऱ्यांत विखुरलेले आहेत, १८० अंश आपल्याला कोठे सापडतात?" सरळ रेषेवर, असे उत्तर आले की मगच अ बिंदूतून बक या बाजूला समांतर अशी तुटक रेषा उमटते. ही रचना जुनी आहे. प्रॉक्लसने ती पायथागोरसच्या अनुयायांची म्हणून नोंदविली आहे. पुढच्या टप्प्यात अब ही छेदिका उजळते; ब येथील कोन आणि अ येथील त्याचा व्युत्क्रम कोन एकाच रंगाने भरतात. त्यानंतर अक छेदिकेवर क येथील कोनाचे तसेच होते. अखेरीस अ पाशी तीन कोन शेजारी शेजारी येऊन सरळ कोन पूर्ण करतात.

प्रत्येक टप्पा मी स्वतः कळ दाबून पुढे नेतो. चित्र आपोआप धावू दिले, तर मुले रंग जुळलेले पाहतात आणि कारण विसरतात. ते ओळखण्याची एक युक्ती आहे. अ मधून जाणारी ती रेषा मी मुद्दाम थोडी तिरपी दाखवितो. अ पाशी तिन्ही कोनांची बेरीज तेव्हाही १८० अंशच भरते! मग बिघडले काय? जो विद्यार्थी म्हणतो, "सर, आता हे कोन ब आणि क येथील कोनांएवढे राहिले नाहीत," त्याला समांतरतेचे काम समजले.

शिरोबिंदू सरकवून असंख्य त्रिकोण दाखविता येतात, पण ती सिद्धता नव्हे. ५९.६, ६०.६ आणि ५९.८ अंशांचे कोन पूर्णांकात दाखविले, तर पडद्यावर ६०, ६१ आणि ६० दिसतात. बेरीज १८१ होते. म्हणून मोजमाप मी लपवून ठेवतो. शेवटी पडदा बंद होतो. मुले कोऱ्या कागदावर आकृती काढतात, प्रत्येक रेषेवर तिचा क्रमांक लिहितात आणि बाजूला ती रेषा का काढली, ते एका वाक्यात मांडतात. तुटक रेषेपुढचे वाक्य मी सर्वांत आधी वाचतो.