लाल वर्तुळाच्या बाहेर

क्लाउडच्या बिलाचा स्क्रीनशॉट आला की त्यावर लाल वर्तुळ असतंच. हिशेब विभागातल्या कोणीतरी मोबाइलवर बोटाने काढलेलं, जरा तिरकं. वर्तुळात शेजाऱ्यांच्या डोक्यावरून वर गेलेला एक स्तंभ आणि खाली एवढंच, "हे काय आहे?" मला जे पाहायचं असतं ते नेमकं कापलेलं असतं. गट कशावर पाडलाय, फिल्टर कोणता आहे, स्तंभ दिवसाचा की महिन्याचा, रंगांची यादी, सगळं चौकटीबाहेर. उरतो तो फक्त आकार.

पण आकारावरूनही बरंच कळतं, आणि ते मला कळतं याचा मला गर्व आहे. एक तारखेला उभा राहून दोन तारखेला बसलेला सुटा स्तंभ बहुधा महिन्याची एकरकमी आकारणी असते. सपोर्ट प्लॅनचे पैसे असतील, नाहीतर कोणी वर्षभराचं रिझर्व्हेशन आगाऊ पैसे भरून घेतलं असेल. खर्च `Amortized` करून पाहिला की असा आगाऊ रकमेचा सुळका विरघळून जातो. रोज थोडा थोडा चढणारा उतार म्हणजे कुठेतरी काहीतरी साठतंय आणि कोणी पुसत नाहीये. आणि एका दिवशी पायरी चढून पुढे तिथेच सपाट राहिलेला आलेख म्हणजे कोणीतरी काहीतरी बदललंय, आणि ते अजून तसंच चालू आहे. मीटिंगमध्ये स्क्रीनवर असा आलेख आला की मी मुद्दाम क्षणभर गप्प राहायचो आणि मग गुन्हेगाराचं नाव सांगायचो. लोक माझ्याकडे वळून पाहायचे. ते आवडायचं.

अलीकडे दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे एकावर एक रचलेल्या पट्ट्यांतले दोन निळे मला आता चष्म्यानेही वेगळे दिसत नाहीत. दुसरी म्हणजे हे काम शिकायला एक मुलगी आली आहे, आणि ती आलेख उघडतच नाही.

तिच्याबद्दल लिहायचं तर एक पायरी सविस्तर सांगावी लागेल. पुण्यातली टीम, ग्राहक अमेरिकेतला, सगळा पसारा एडब्ल्यूएसच्या व्हर्जिनियातल्या रीजनमध्ये. स्क्रीनशॉटमध्ये अकरा तारखेपासून पायरी. मूळ आलेख उघडून सर्व्हिसवार गट पाडले तर फुगलेली पट्टी `EC2-Other`. रोजचे चाळीसेक डॉलर होते, ते तीनशे दहा झाले होते. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने हे नाव पाहून एकदा तरी कपाळाला हात लावला असेल. यात ईसीटूच्या मशीन नसतात. डिस्क, स्नॅपशॉट, झोन-झोनमधली वाहतूक, नॅट गेटवे, असं मशीनच्या आजूबाजूचं सगळं एकाच पोत्यात भरलेलं असतं. हिशेबवाल्यांनी नावात ईसीटू वाचलं आणि मशीन मोजायला बसले. मशीनचा खर्च उलट रोज पस्तीसेक डॉलरनी उतरला होता.

गट `Usage Type` वर पाडला की पोतं सुटतं. निघालं `NatGateway-Bytes`. त्याच्या शेजारची `NatGateway-Hours` ही पट्टी जवळजवळ होती तेवढीच. म्हणजे गेटवे असण्याचे पैसे वाढले नव्हते, त्याच्यातून जाणाऱ्या मालाचे वाढले होते. व्हर्जिनियात नॅट गेटवे दर जीबीला ०.०४५ डॉलर घेतो. वाढलेल्या २७० डॉलरना त्याने भागलं की ६,००० जीबी येतात. रोजचे सहा टीबी. हा भागाकार मी नेहमी करतो. पैशांचा आकडा ऐकून लोक घाबरतात किंवा खांदे उडवतात, पण रोज सहा टीबी कोण ओढतंय असं विचारलं की टीमला आपापली कामं आठवू लागतात.

या वेळी मात्र कोणाला काही आठवेना. इथे जी गाठ लागते ती मला इतकी वर्षं छळत आली आहे. बिल हे टोलनाक्याच्या वहीसारखं आहे. कोणत्या नाक्यावर किती वसूल झालं ते पैशापर्यंत अचूक लिहिलेलं, पण गाडी कोणाची आणि निघाली कुठून, ते त्यात नाही. आलेखात जी सर्व्हिस फुगते ती पैसे गोळा करणारी असते. खर्च करणारा दुसराच कोणीतरी असतो, आणि पुष्कळदा त्याची स्वतःची पट्टी एक पिक्सेलही हललेली नसते.

पुढचा धागा न वाढलेल्या आकड्यांत असतो. इंटरनेटवर बाहेर जाणाऱ्या डेटाची पट्टी, `DataTransfer-Out-Bytes`, जिथल्या तिथे होती. सहा टीबी नॅटमधून जातात आणि बाहेर पाठवल्याचे पैसे लागत नाहीत, याचे दोनच सरळ अर्थ. एकतर माल बाहेरून आत येतोय, कारण आत येण्याला वेगळे पैसे नसतात. किंवा तो त्याच रीजनमधल्या एस-थ्रीकडे जातोय नाहीतर तिथून येतोय, कारण तिथेही वाहतुकीचे पैसे नसतात, फक्त नॅटची प्रक्रिया-आकारणी लागते. मेट्रिकमध्ये `BytesInFromDestination` चढलेलं दिसलं. म्हणजे कोणीतरी ओढत होतं. एवढं कळल्यावर मी एस-थ्रीचं नाव घेतलं आणि सगळ्यांनी मला एस-थ्रीची पट्टी दाखवली. साठवण तेवढीच. वाचण्याच्या विनंत्याही तेवढ्याच. मग एस-थ्रीचा काय संबंध?

पण संबंध होताच. रात्रीचं एक काम एस-थ्रीतून सहा टीबी प्रतिमा पूर्वीही वाचत होतं, तेवढ्याच फाइली, तेवढ्याच विनंत्या. पूर्वी ते गेटवे एंडपॉइंटमधून वाचत होतं, जो फुकट असतो. आता नॅटमधून वाचत होतं. काम तेच राहिलं, वाट बदलली. आणि वाट बदलली ती खर्च वाचवण्यासाठी! स्वस्त स्पॉट मशीन मिळाव्यात म्हणून टीमने तिसऱ्या झोनमध्ये नवा सबनेट केला, त्याच झोनमधला एक नॅट गेटवे जुन्या दोन सबनेटमधल्या रहदारीतून मोकळा करून तो त्याला दिला, नवा रूट टेबल दिला, आणि सगळं रात्रीचं काम तिकडे हलवलं. गेटवे एंडपॉइंट ज्या रूट टेबलांशी जोडलेला असतो तेवढ्यांपुरताच चालतो. नवा टेबल त्या यादीत नव्हता. त्रास असा की यात काहीच तुटत नाही. एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही, काम वेळेत संपतं. बोलतं ते फक्त बिल, आणि तेही दुसऱ्याच नावाने.

हे उलगडायला मला दोन-तीन दिवस लागले असते. निम्मा वेळ तारखांच्या भांडणातच गेला असता. टीमचं म्हणणं होतं, आमचा बदल बारा तारखेला पहाटे एकला गेला, वाढ अकराला दिसते, तेव्हा आमचा काही संबंध नाही. बिनतोड वाटतं. पण बिलाचा दिवस यूटीसीने चालतो आणि आपल्याकडे पहाटे साडेपाचला उजाडतो. बाराच्या पहाटेचा एक म्हणजे बिलाच्या लेखी अकराची संध्याकाळ, साडेसात. दोन वाजता सुरू होणारं आणि पाचपर्यंत संपणारं ते काम अख्खंच्या अख्खं अकरा तारखेच्या स्तंभात बसलं होतं.

शिकायला आलेल्या मुलीने यातलं काही केलं नाही. आकार पाहिला नाही, रंग पाहिले नाहीत, कोणाची तारीख खोडली नाही. सविस्तर बिलाच्या तक्त्यावर तिने अथेनातून हे चालवलं:

```sql
SELECT line_item_resource_id,
       SUM(line_item_usage_amount) AS gb
FROM cur
WHERE line_item_usage_type LIKE '%NatGateway-Bytes'
GROUP BY 1
ORDER BY 2 DESC;
```

`WHERE` मध्ये तारखेची अटही घातली, आधी पायरीच्या आदल्या आठवड्याची, मग नंतरच्या आठवड्याची. तीन नॅटपैकी एकच नॅट फुगला होता. तो कोणत्या रूट टेबलात आहे ते तिने पाहिलं, तो टेबल टेराफॉर्ममध्ये कोणत्या बदलाने आला ते पाहिलं, आणि चहाच्या वेळेपर्यंत मला येऊन म्हणाली, "सर, एंडपॉइंटच्या यादीत एक आयडी घालायचा राहिलाय." मी तोपर्यंत दोन निळ्यांतच होतो. बरं वाटलं का? खरं सांगायचं तर चीड आली. मग तिला विचारलं, "पण ते एस-थ्रीच आहे हे तुला कसं कळलं?" आणि ती अडखळली तेव्हा मला जरा जास्तच समाधान झालं. तो अंदाजच होता. बरोबर निघाला, पण अंदाज. न वाढलेल्या पट्ट्यांचं मी सांगितलं तेव्हा तिने ते वहीत लिहून घेतलं.

बाजारात आता या कामाचे सल्लागार झाले आहेत. त्यांच्या रंगीत डॅशबोर्डांवर माझा राग आहे, आणि त्यात मत्सर किती हे मी मोजलेलं नाही. रात्री टेस्टिंगची मशीन बंद करा, टॅग लावा, हे ते सांगतात, आणि ते चूक नाही. पण नॅट गेटवेला तुम्ही कोणता टॅग लावणार? तो सगळ्यांचा असतो. त्याचा खर्च टीमवार वाटून दाखवणारा पाय-चार्ट मी पाहिलाय. चार टीमना पंचवीस-पंचवीस टक्के. अशा चार्टवर मान डोलावून लोक उठून जातात आणि सहा टीबी रात्री पुन्हा धावतात.

आयडी घातला, दुसऱ्या दिवशीचा स्तंभ बसला. हिशेबवाल्यांनी अंगठा पाठवला. आमचं दोघांचं भांडण मात्र अजून चालू आहे, ते फ्लो लॉगवरून. कोणत्या पत्त्याने किती ओढलं हे त्यातच दिसतं, `pkt-src-aws-service` हा रकाना मागून घेतला तर माल एस-थ्रीचा आहे हेही लिहिलेलं येतं, आणि तिचा अंदाज अंदाज राहिला नसता. पण फ्लो लॉग मागे जाऊन मिळत नाहीत. सुळका येण्याआधी चालू असतील तरच उपयोग, आणि चालू ठेवायचे तर त्यांचेच पैसे लागतात. ती म्हणते सगळ्या नेटवर्कवर लावून एस-थ्रीत टाकू या. मी म्हणतो फक्त नॅटच्या इंटरफेसवर लाव, आठवड्याने पुसून टाक. ती म्हणते पुढची वाढ नॅटवरच येईल कशावरून. याला माझ्याकडे उत्तर नाही, पण सगळ्या नेटवर्कचे लॉग लावले तर पुढचं लाल वर्तुळ त्यांच्याच भोवती असेल, एवढं मी तिला सांगून ठेवलं आहे.