‘हेल्मेट होतं का?’

दुचाकीच्या अपघातात कुणी गेल्याची बातमी आली की आपण आधी ‘अरेरे’ म्हणतो आणि लगेच विचारतो, ‘हेल्मेट होतं का?’ हृदयविकाराचा झटका असेल तर ‘वजन जरा जास्तच होतं, नाही?’, घरफोडी असेल तर ‘कुलूप साधंच असेल’, आणि एखाद्या मुलीवर हात टाकला गेला असेल तर ‘इतक्या उशिरा ती तिथे काय करत होती?’ या प्रश्नांत माहिती मिळवण्याची इच्छा असते, हे खरे. पण विचारणाऱ्याकडे जरा लक्ष देऊन पाहावे. उत्तर ‘नाही, हेल्मेट नव्हतं’ असे आले की चौकशी तिथेच संपते. ‘हो, होतं’ असे आले तर ती संपत नाही. मग ‘पट्टा लावला नसेल’, ‘वेगात असेल’, ‘रात्रीचं जागरण असेल’ असे एकेक सुचू लागते. माहिती हवी असणारा माणूस कोणत्याही उत्तरावर थांबतो. दोष हवा असणारा मात्र तो सापडल्यावरच थांबतो. दोहोंतला फरक ओळखण्याची ही खूण मला बरीच भरवशाची वाटते.

आमच्या एका सहकारी प्राध्यापकांना फुप्फुसाचा कर्करोग झाला, तेव्हा ही खूण मी अनेक दिवस जवळून पाहिली. त्यांनी आयुष्यात सिगारेट ओढलेली नव्हती. भेटायला येणारा प्रत्येकजण पहिल्या पाच मिनिटांत तंबाखूवर येई. नकार मिळाला की वडील ओढत होते का, घर रस्त्याला लागून आहे का, राग मनात दाबून ठेवण्याची सवय आहे का, असे प्रश्न निघत. शेवटी एक वयस्क नातेवाईक म्हणाले, ‘पूर्वसंचित, दुसरं काय!’ आणि खोलीतली मंडळी एकदम स्वस्थ झाली. या जन्मात न सापडलेला दोष मागच्या जन्मात सापडला होता. सर भिंतीकडे पाहत होते. आलेल्यांपैकी कुणी दुष्ट नव्हते. त्यांतल्या दोघांनी पुढे औषधोपचारांसाठी पैसेही उभे केले.

चांगली माणसे असे का वागतात, याचा शोध मेल्विन लर्नर या मानसशास्त्रज्ञाने आयुष्यभर घेतला. कॅरोलिन सिमन्स हिच्यासह त्याने अमेरिकेतील केंटकी येथे केलेला प्रयोग १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. ७२ विद्यार्थिनींना सांगण्यात आले की शेजारच्या खोलीत एक मुलगी शब्दांच्या जोड्या पाठ करीत आहे आणि चुकली की तिला विजेचा धक्का बसतो. पडद्यावर तिचे कळवळणे दिसत होते. प्रत्यक्षात ती प्रयोगकर्त्यांचीच साथीदार होती, चित्रण आधीच करून ठेवलेले होते आणि धक्के खोटे होते. थोड्या वेळाने विद्यार्थिनींना तिच्या व्यक्तिमत्त्वाविषयी मत नोंदवायचे होते.

यातील मर्म निरनिराळ्या गटांना दिलेल्या निरनिराळ्या माहितीत आहे. एका गटाला मतदान करून त्या मुलीची सुटका करता आली. आता तिला धक्क्यांऐवजी बक्षीस मिळणार, हेही त्यांना कळवण्यात आले. या गटाने तिला फारसे कमी लेखले नाही. दुसऱ्या गटाला सांगितले की हा छळ अजून तितकाच वेळ चालणार आहे आणि तुम्हाला काही करता येणार नाही. यांच्या नजरेत ती उतरली. तिसऱ्या गटाला तर असे दाखवले की मुलगी घाबरली आहे, पण तुमचे गुण बुडू नयेत म्हणून तुमच्यासाठी सोसायला तयार झाली आहे. ज्यांच्यासाठी ती सोसत होती, त्यांनीच तिच्याविषयी सर्वांत हलके मत दिले.

लर्नरचे स्पष्टीकरण असे : जग न्याय्य आहे, ज्याला जे मिळते ते त्याच्या लायकीचे असते, या विश्वासावर आपण अभ्यास करतो, बचत करतो, मुले वाढवतो. निरपराध माणसाचे दुःख या विश्वासाला तडा देते. ते दुःख दूर करता आले तर विश्वास शाबूत राहतो. ते शक्य नसेल तेव्हा तो वाचवण्याची एक स्वस्त वाट उरते, ती म्हणजे त्या माणसाला निरपराध न मानणे. म्हणजे दोष देणे हे बहुधा क्रौर्यातून नव्हे, तर असहायतेतून येते. सरांच्या खोलीतले लोक पैसे गोळा करू लागले तेव्हा त्यांचे प्रश्न बंद झाले होते, हे मला हा प्रयोग वाचल्यानंतर आठवले.

आपण वाङ्मयाची माणसे या वृत्तीपासून दूर आहोत, असे समजण्याचे कारण नाही. टॉमस रायमर या इंग्रज समीक्षकाने १६९३ मध्ये ‘ऑथेल्लो’वर लिहिताना डेस्डिमोनाच्या खुनातून बोध काढला, तो असा की मुलींनी आईबापांच्या संमतीवाचून पळून जाऊ नये आणि बायकांनी आपले रुमाल नीट सांभाळावेत! त्यात उपहास आहे, पण ‘उशिरा तिथे काय करत होती’ याच जातीचा हा प्रश्न आहे. नेहम टेटने १६८१ मध्ये ‘किंग लिअर’चा शेवटच बदलला. कॉर्डेलियाला जिवंत ठेवून तिचे एडगरशी लग्न लावले, आणि इंग्रजी रंगभूमीने दीडशे वर्षे हेच रूप प्रामुख्याने पाहिले. टेटने निदान बळीला वाचवले. आमच्या वर्गात ती सोय नसते. मग ‘कॉर्डेलियाच्या शोकांताची कारणे’ या प्रश्नाला ‘तिचा हट्ट’ असे उत्तर दरवर्षी येते. वडिलांचे चार गोड शब्दांनी मन राखले असते तर काय बिघडले असते, असे मुले लिहितात.

या उत्तराला ॲरिस्टॉटलचा आधार दिला जातो, तो चुकीचा आहे. ‘हामार्तिया’ म्हणजे नेम चुकणे, प्रमाद. परीक्षेच्या टिपणांत त्याचा ‘स्वभावदोष’ झाला आणि स्वभावदोषाची शिक्षा म्हणजे शोकांत, असे समीकरण बसले. ॲरिस्टॉटल मात्र म्हणतो की करुणा वाटते ती अपात्री कोसळलेल्या दुःखाबद्दल. दुःख पात्राच्या लायकीचेच ठरवले तर शोकांतिकेत करुणेला जागाच राहत नाही.

अर्थात प्रत्येक ‘का’ हा दोषारोप नव्हे. हेल्मेटने जीव वाचतात, तंबाखूने जातात. कारणे शोधलीच पाहिजेत. पण कारण आणि लायकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हेल्मेट न घालणे हे मृत्यूचे एक कारण असू शकते. त्यामुळे तो मृत्यू त्या माणसाला योग्य होता, असे ठरत नाही. लर्नरच्या प्रयोगालाही मर्यादा आहेत. एका देशातल्या महाविद्यालयीन मुलींवरून साऱ्या मनुष्यस्वभावाचा निवाडा होत नाही. १९७४ मध्ये ॲडरमन, ब्रेम आणि कॅट्झ यांनी तशाच प्रयोगात एक छोटा बदल केला. त्यांनी काही प्रेक्षकांना सांगितले, पाहताना त्या जागी स्वतःला कल्पा. त्यांनी त्या मुलीला कमी लेखले नाही. छळ तोच होता, पाहणाऱ्यांना मिळालेली सूचना तेवढी बदलली होती.

यंदा मी वर्गातला प्रश्न बदलला आहे. ‘शोकांताची कारणे लिहा’ याऐवजी, पहिल्या अंकातल्या दरबारात, वडील प्रेमाचे मोजमाप मागत असताना, कॉर्डेलियाच्या जागी उभे राहून तिला काय दिसते ते लिहा, असे विचारले. आलेल्या उत्तरपत्रिकांत ‘हट्ट’ हा शब्द फक्त दोन ठिकाणी सापडला, आणि दोन्ही ठिकाणी तो लिअरविषयी होता.