उणिवांचा शेजार

महिनाभर अंडी उबवून आम्ही एक सॅलॅमन्स तयार केला होता. हा ड्रॅगन आणि फ्लाइंग अशा दोन टाइपांचा, तांबड्या पंखांचा प्राणी. ‘पोकेमॉन व्हायलेट’ हा २०२२ साली आलेला खेळ आमच्या भाचीने आमच्या गळ्यात मारला, आणि सुटीत भेटलो की सहा विरुद्ध सहा असा सामना खेळायचा, असे ठरले. आमच्या संघात तीन ड्रॅगन होते: गार्चॉम्प, ड्रॅगोनाइट आणि हा नवा सॅलॅमन्स. जोडीला गायरडॉस, आर्कनाइन आणि जोल्टिऑन. सहाही जण आमच्या आवडीचे, दिसायला रुबाबदार आणि अंगी बळ असलेले. भाचीच्या व्हेपोरिऑनने आर्कनाइनला पाण्याने लोळवले, तेव्हाही आम्हाला विशेष काही वाटले नाही. मग तिने वीव्हाइल नावाचा एक किरकोळ अंगाचा, डार्क आणि आइस टाइपचा प्राणी पुढे आणला. त्याने आमच्या सॅलॅमन्सला एका ठोशात संपवले. पाठोपाठ ड्रॅगोनाइट गेला, मग गार्चॉम्प. भाची म्हणाली, “मामा, तू सहा जण आणलेस, पण उणीव एकच आणलीस.”

हे वाक्य आम्हाला झोंबले, कारण ते खरे होते. ते कसे खरे होते हे समजून घेण्यात आमचा पुढचा आठवडा गेला. पहिला संघ बांधायला बसलेल्या कोणालाही तो हिशेब उपयोगी पडेल, म्हणून येथे मांडतो.

या खेळात अठरा टाइप आहेत. प्रत्येक हल्ल्याला एक टाइप असतो आणि प्रत्येक प्राण्याला एक किंवा दोन. हल्ला आणि प्राणी यांच्या टाइपांवरून घाव दुप्पट, निम्मा, जसाच्या तसा किंवा शून्य ठरतो. प्राण्याला दोन टाइप असतील तर दोन्हींचा गुणाकार होतो. आइसचा घाव ड्रॅगनला दुप्पट बसतो आणि फ्लाइंगलाही दुप्पट बसतो, म्हणून सॅलॅमन्सला तो चौपट बसतो. ड्रॅगोनाइटचे टाइप तेच आहेत, म्हणजे त्यालाही चौपट. गार्चॉम्प ड्रॅगन आणि ग्राउंड. ग्राउंडलाही आइस दुप्पट, तेव्हा पुन्हा चौपट. वीव्हाइल या तिघांहून चपळही आहे, म्हणजे पहिला वार त्याचाच. आइसचा घाव निम्म्यावर झेलू शकणारा आमच्याकडे एकटा आर्कनाइन होता, आणि तो आधीच पडला होता.

आता आमच्या महिनाभराच्या कष्टांचे काय झाले, ते आकड्यांत पाहू. प्रत्येक प्राण्याला जन्मतः सहा गुण मिळतात: जीव, हल्ला, बचाव, विशेष हल्ला, विशेष बचाव आणि वेग. त्या प्रत्येकामागे ० ते ३१ मधला एक छुपा आकडा असतो. खेळाडू त्याला आयव्ही म्हणतात. पन्नासाव्या पातळीवर ० ऐवजी ३१ आयव्ही असण्याने गुणात साधारण पंधराची भर पडते. आमच्या सॅलॅमन्सचा जीव १७० होता. आयव्ही ० असता तर तो १५५ असता. हल्ल्याचा गुण पूर्ण वाढवलेल्या वीव्हाइलचा हिमठोसा त्याला दोनशेहून अधिक घाव देतो. म्हणजे आम्ही महिनाभर ज्या पंधरा गुणांसाठी झटलो, ते त्या ठोशापुढे असून नसून सारखेच होते. पैदाशीने प्राण्याचे आकडे सुधारतात, टाइप सुधारत नाही. त्याची उणीव त्याच्यातच राहते. ती झाकायची असेल तर शेजारी कोणी दुसरा बसवावा लागतो.

म्हणून आम्ही एक कागद घेतला. त्यावर सहा ओळी आखल्या आणि अठरा रकाने. प्रत्येक प्राण्याला कोणत्या टाइपचा घाव जास्त बसतो तेथे अधिक खूण केली, कोणता कमी बसतो किंवा बसतच नाही तेथे उणे. नवख्याने दोनच नियम पाळावेत. एका रकान्यात दोनाहून जास्त अधिक-खुणा नसाव्यात, आणि जेथे दोन आहेत तेथे निदान दोन उणे-खुणा असाव्यात. एकच असली तर तो एक जण पडताच सारा रकाना उघडा पडतो. आमच्या आइसच्या रकान्यात तीन अधिक आणि एक उणे होते. रॉकच्या रकान्यात तर चार अधिक होते, म्हणजे सॅलॅमन्स, ड्रॅगोनाइट, गायरडॉस आणि आर्कनाइन. भाचीने तिकडून वार केला नाही, ही तिची कृपा.

तीन ड्रॅगनांपैकी एकच ठेवायचा होता. आम्ही गार्चॉम्प ठेवला. त्याच्या उणिवा तीन: आइस, ड्रॅगन आणि फेअरी. मग या तिघांना झेलणारे शेजारी शोधले. अझुमॅरिल हा पाण्यातला, वॉटर आणि फेअरी टाइपचा, सशासारखे कान असलेला गोल प्राणी. त्याला आइस निम्मा बसतो आणि ड्रॅगनचा घाव लागतच नाही. वीव्हाइलचे डार्क हल्लेही त्याला निम्मेच. कॉर्व्हिनाइट हा स्टील आणि फ्लाइंग टाइपचा कावळा. तो ड्रॅगन आणि फेअरी दोन्ही निम्म्यावर घेतो. त्याला मात्र आइसपुढे उभे करू नये. स्टील आइसला निम्मे करते, फ्लाइंग दुप्पट करते, आणि गुणाकार होऊन घाव पूर्ण बसतो. एकच टाइप पाहून फसण्याचे हे नेहमीचे ठिकाण आहे.

आता उलट बाजूने वाचू. अझुमॅरिलच्या उणिवा ग्रास, इलेक्ट्रिक आणि पॉयझन. इलेक्ट्रिक गार्चॉम्पला लागत नाही, पॉयझन कॉर्व्हिनाइटला लागत नाही, आणि ग्रास कॉर्व्हिनाइटला चौथाईच बसतो. कॉर्व्हिनाइटच्या उणिवा फायर आणि इलेक्ट्रिक. फायर गार्चॉम्प आणि अझुमॅरिल दोघेही निम्मा झेलतात. इलेक्ट्रिकचे उत्तर पुन्हा गार्चॉम्प. तिघांपैकी कोणीही निर्दोष नाही, पण प्रत्येकाचा दोष उरलेल्या दोघांपैकी कोणाच्या तरी अंगावरून ओघळून जातो. ड्रॅगन, स्टील, फेअरी हे त्रिकूट पहिल्यापासून शक्य नव्हते. स्टील टाइप १९९९ साली आला आणि फेअरी २०१३ साली. तोवर ड्रॅगनचा घाव निम्म्यावर घेणारे स्टीलखेरीज कोणी नव्हते.

हे झाकणे आपोआप होत नाही. गार्चॉम्पसमोर वीव्हाइल आला की त्याला मागे घेऊन अझुमॅरिलला पुढे आणावे लागते. त्यात आपली एक पाळी जाते आणि येणारा घाव नव्या प्राण्याला सोसावा लागतो. निम्मा असला तरी तो घावच. अशी अदलाबदल चारदा झाली की अझुमॅरिलचा जीव संपत येतो. म्हणून झेलणारे हवेत तसे मारणारेही हवेत. आमच्या त्रिकुटात दुसरी खोट निघाली: तिघांचेही मुख्य हल्ले शारीरिक, आणि अझुमॅरिल व कॉर्व्हिनाइट दोघेही संथ. शत्रूने भाजण्याची बाधा केली की शारीरिक हल्ला निम्मा होतो. तिघांची हीच गत झाली तर संघ लुळा पडतो. म्हणून विशेष हल्ला करणारा आणि अतिशय चपळ जोल्टिऑन राहिला, आर्कनाइन राहिला, आणि गायरडॉसच्या जागी अमूंगस हे ग्रास आणि पॉयझन टाइपचे छत्रीचे झाड आले. गायरडॉस गेला तो इलेक्ट्रिकच्या रकान्यापायी. अझुमॅरिल आणि कॉर्व्हिनाइट यांच्यासोबत तेथे तो तिसरा अधिक ठरला असता, तोही चौपट.

संघ कागदावर जमल्यावरच अंड्यांकडे वळावे, हे आम्ही उशिरा शिकलो. अझुमॅरिलचा मूळ हल्ला फार कमी आहे, पण ‘ह्यूज पॉवर’ ही क्षमता असलेल्यात तो दुप्पट होतो. म्हणून तीच क्षमता असलेली मादी आई म्हणून निवडावी. ती क्षमता पिलात बहुधा उतरते, पण दरवेळी नाही. स्वभाव ‘अ‍ॅडमंट’ हवा. त्याने हल्ला दहा टक्के वाढतो आणि न लागणारा विशेष हल्ला तितकाच घटतो. एका पालकाला ‘एव्हरस्टोन’ दिला की त्याचा स्वभाव पिलाला हमखास मिळतो. दुसऱ्याला ‘डेस्टिनी नॉट’ द्यावी. जपानीत तिचे नाव ‘आकाई इतो’ म्हणजे लाल धागा. एरवी आईबापांचे तीन आयव्ही पिलात येतात, या धाग्याने पाच येतात.

समजा, दोन्ही पालकांचे विशेष हल्ला सोडून उरलेले पाचही आयव्ही ३१ आहेत. पिलात कोणते पाच उतरावेत हे दैवावर असते. सहापैकी नेमका विशेष हल्ला वगळला जाण्याची शक्यता एक षष्ठांश. इतर वेळी हवा असलेला एक आकडा नव्याने पडतो, आणि तो ३१ असण्याची शक्यता बत्तीसात एक. दोन्ही मिळून सुमारे १९ टक्के, म्हणजे पाच अंड्यांत साधारण एक. पालक मात्र एकदम असे मिळत नाहीत. चांगले पिलू निघाले की त्याला कमी प्रतीच्या पालकाच्या जागी बसवायचे, असे पिढ्यान्‌पिढ्या चालते. पडद्यावर गुणापुढे Best असा शेरा दिसला की तो आकडा ३१ समजावा.

हेही सांगायला हवे की आज एवढी यातायात सक्तीची नाही. २०१६ पासून बाटलीच्या बुचांच्या मोबदल्यात कमी आयव्हीचा गुण पूर्ण असल्यासारखा करता येतो, आणि २०१९ पासून पुदिन्याची पाने देऊन स्वभावाचा गुणांवरचा परिणाम बदलता येतो. तक्त्याचीही मर्यादा आहे. व्हायलेटमध्ये सामन्यात एकदा एका प्राण्याचा टाइप बदलता येतो, आणि मग रकाने फिरतात. आम्ही दोघांनी ती सोय वापरायची नाही असे ठरवले आहे. नवख्याने पहिले काही सामने तसेच खेळावेत.

दिवाळीत पुन्हा सामना झाला. गार्चॉम्पसमोर वीव्हाइल आला. आम्ही अझुमॅरिलला पुढे केले. हिमठोसा बसला, त्याने थोडा जीव गेला. पुढच्या पाळीला भाचीने वीव्हाइल मुकाट्याने मागे घेतला, कारण आता फेअरीचा दुप्पट घाव तिच्या अंगावर येणार होता. तो सामनाही शेवटी आम्ही हरलो, पण या वेळी आमचे सहा जण सहा वेगवेगळ्या कारणांनी पडले. सॅलॅमन्स अजून पेटीत आहे. त्याचे पाच गुण Best आहेत. त्याच्यासाठी शेजार जमवता आला, तर त्यालाही बाहेर काढू.