टेकू

पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात वडील गवंडीकाम करायचे. मी सुट्टीत त्यांच्या हाताखाली असायचो. एकदा शेजारच्या वस्तीवरचे अण्णा आले. पोरीचं लग्न पंचवीस दिवसांवर, भिंती अर्ध्यावर. म्हणाले, "लग्नाआधी स्लॅब, गिलावा सगळं झालं पायजे. दुसरा गवंडी वीस दिवसांत देतो म्हणतोय."

आमच्या घरात तेव्हा उचलीची फार गरज होती. तरी वडिलांनी वाळूत काडीनं रेघा ओढल्या. भिंतीला आठ दिवस, सेंट्रिंग आणि सळई बांधायला चार, स्लॅब एक. मग चौदा दिवस टेकूला हात नाही. त्यापुढं गिलाव्याचे सहा आणि त्याला पाणी मारायचे सात. झाले चाळीस.

"टेकू आधी काढले तर?"

"स्लॅब मधोमध बसतो अन् खालून चीर दिसती. मग पाडावाच लागतो. तुम्हाला पंचवीस दिवसांत दोन गोष्टी देता येतील. वर पत्रे टाकू, गिलाव्यासकट घर तयार. पण पुढं स्लॅब टाकताना पत्र्याचा खर्च वाया. नाहीतर स्लॅब आत्ता टाकू, टेकू तसेच ठेवू, लग्न बाहेर मांडवात. गिलावा नंतर."

अण्णा दोन दिवस फिरकले नाहीत. आईनं काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते उचल घेऊनच आले. म्हणाले, "स्लॅब टाका."

लग्नाच्या दिवशी स्लॅबला दहा दिवस झाले होते. वर वाफ्यांत पाणी भरलेलं. खाली टेकूंना पोरं धरू नयेत म्हणून वडिलांनी दाराला आडवी दोरी बांधली, आणि अण्णांच्या बायकोनं तिलाच आंब्याची पानं लावली.