लिफ्टची नोटीस

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीचं सेक्रेटरीपद माझ्याकडे आलं, कारण त्या सभेला मी पाच मिनिटं उशिरा पोचलो. पहिली नोटीस लिहिली ती गच्चीवरची टाकी साफ करण्याची. ‘रविवारी टाकीची सफाई असल्याने पाणी बंद राहील.’ एका ओळीत काम झालं म्हणून मी खूश होतो. पण टाकी घासायची तर ती आधी रिकामी व्हायला हवी. त्यामुळे वॉचमननं शनिवारी रात्री दहालाच पंप बंद केला. रविवारी सकाळी सातला तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी डोक्याला शाम्पू लावलेल्या अवस्थेत खिडकीतून माझ्या नावानं हाका मारत होत्या. ‘रविवारी’ या शब्दात त्यांना काम सुरू होण्याची वेळ दिसली होती, निदान नऊ-दहाची. मला शनिवारची रात्र दिसत होती, कारण ती माझ्या डोक्यात होती. कागदावर नव्हती.

त्यानंतर दोन महिन्यांनी, 2024च्या एप्रिलमध्ये, लिफ्टची नोटीस लिहायची वेळ आली. पाच मजले, वीस घरं, एकच लिफ्ट, आणि ती पूर्ण काढून नवी बसवायची. मसुदा असा झाला :

‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की, सर्वसाधारण सभेत झालेल्या ठरावानुसार लिफ्टच्या नूतनीकरणाचे काम दि. 6 मेपासून हाती घेण्यात येत आहे. कामास अंदाजे तीन आठवडे लागतील. तरी सर्वांनी सहकार्य करावे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’

शुद्धलेखन ठीक, तारीख होती, दिलगिरीही होती. टेबलाशी बसून चार वेळा वाचलं तरी खटकलं काही नाही. खटकणार कसं? प्रत्येक वेळी वाचणारा मीच, आणि मला सगळं माहीत होतं. शेवटी कागद आणि पेन्सिल घेऊन जिन्यानं वर निघालो. प्रत्येक दारासमोर थांबायचं, या घरात कोण राहतं ते आठवायचं आणि त्या माणसाच्या हातात हा कागद पडला आहे असं धरून वाचायचं. कुणी पाहिलं असतं तर सेक्रेटरीचं डोकं फिरलं म्हणाले असते.

दुसऱ्या मजल्यावर दोन भाडेकरू मुलं राहतात. ‘सर्व सभासदांना’ वाचलं की त्यांच्यापुरती नोटीस तिथंच संपते, कारण सभासद त्यांचा घरमालक, आणि तो पुण्याला. ‘ठरावानुसार’ म्हणजे कुठला ठराव? सभेला ते नव्हतेच. खरं तर विसांपैकी अकरा घरांतून कुणीच आलं नव्हतं. जुनी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते आणि तिचे सुटे भाग आता मिळत नाहीत, हे कारण सभेत अर्धा तास चघळून झालं होतं. म्हणून मसुद्यात ते लिहायचं मला सुचलंच नाही. आणि कारण माहीत नसलेल्या माणसाला तीन आठवड्यांचा जिना म्हणजे कमिटीची हौस वाटते.

तिसऱ्या मजल्यावर माहेरपणाला आलेली मुलगी, दिवस मेच्या मध्यावर भरणारे. तिच्या आईचा प्रश्न मला दारातच ऐकू आला : रात्री दोनला न्यायची वेळ आली तर?

चौथ्या मजल्यावर जरा जास्त वेळ गेला. तिथं सत्त्याऐंशी वर्षांचे आजोबा, काठी घेऊन चालणारे. जिना उतरणं त्यांना जमत नाही, हे मी धरून चाललो होतो. तीन आठवडे घरातच राहतील, त्यात काय! पण त्यांच्या दारासमोर उभं राहून ‘6 मेपासून तीन आठवडे’ वाचलं आणि आठवलं, कल्याण मतदारसंघाचं मतदान 20 मेला होतं. आजोबांनी आजवर मतदान चुकवलेलं नाही, हे ते भेटेल त्याला सांगतात. त्या निवडणुकीत 85 वर्षांवरच्या मतदारांना घरून मत देता येणार होतं. मात्र त्यासाठी 12डी नमुन्यातला अर्ज निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो. म्हणजे लिफ्ट बंद झाल्यावर हा प्रश्न त्यांना पडला असता तर मुदत उलटून गेलेली. नोटीस एप्रिलमध्येच लावायची, हे त्या दारात ठरलं.

पाचव्या मजल्यावर गॅसचं सिलिंडर, पाण्याचे जार आणि एक नेहमीचा प्रश्न : पैसे किती काढणार? ते दुरुस्ती निधीतून जाणार होते, वेगळी वर्गणी नव्हती. नोटिशीत त्याचा उल्लेख नव्हता, आणि पैशांबद्दल न लिहिलेलं लोक आपापल्या परीनं लिहून घेतात.

खाली आलो तेव्हा कागदावर तेवीस प्रश्न होते. सगळ्यांची उत्तरं दिली तर तीन पानं झाली असती, आणि लिफ्टशेजारी उभं राहून तीन पानं कुणी वाचत नाही. म्हणून एकच चाळणी लावली : उत्तर कळल्यावर माणूस काही वेगळं करणार आहे का? नवी दारं आपोआप लागतील का, आरसा असेल का, हे वगळलं. त्यासाठी खाली माझा फोन नंबर. दवाखान्याचा प्रश्न ठेवला आणि त्याला उत्तर तयार केलं. हात असलेली एक भक्कम खुर्ची वॉचमनच्या केबिनमध्ये, आणि उचलायला येणाऱ्या चौघांचे नंबर. मजा म्हणजे नोटीस वाचली नसती तर ही खुर्ची आणलीच गेली नसती.

सगळ्यात अडलो ते शेवटच्या तारखेवर. ठेकेदाराचं काम 26 मेला संपणार होतं, पण लिफ्ट निरीक्षकांची तपासणी होऊन परवानगी मिळेपर्यंत ती वापरता येत नाही, आणि तो दिवस आमच्या हातात नव्हता. ‘26 मेला सुरू होईल’ लिहायचा मोह झाला. पण लेकीकडे गेलेली आजी त्याच दिवसाचं तिकीट काढील. म्हणून दोन्ही लिहिलं : काम 26 मेपर्यंत, लिफ्ट तपासणीनंतरच सुरू, ती तारीख कळताच इथंच लावू.

नवा मसुदा दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाला दिला. ‘समजलं का?’ विचारलं नाही, कारण त्याला सगळे ‘हो काका’ म्हणतात. विचारलं, “मग 6 तारखेला तू काय करशील?”

“सकाळी नेहमीसारखा लिफ्टनं उतरेन. संध्याकाळी येताना जिना.”

मी कपाळाला हात लावला. लिफ्ट रविवारी 5 तारखेला रात्री दहालाच बंद होणार होती, म्हणजे सोमवारी पहाटे माणसं कामाला लागतील. टाकीच्या नोटिशीत केलेली चूक मी, वीस दारं फिरून, जशीच्या तशी पुन्हा केली होती. ‘रविवार, 5 मे, रात्री 10 वाजल्यापासून लिफ्ट बंद’ ही ओळ सर्वात वर, ठळक अक्षरांत गेली, आणि ‘सभासदांना’च्या जागी ‘इमारतीत राहणाऱ्या सर्वांना’.

त्या रविवारी रात्री एकही फोन आला नाही. सोमवारी सकाळी साडेसातला बेल वाजली. दारात कचरा नेणाऱ्या ताई. त्या रोज निळा ड्रम लिफ्टमध्ये घालून पाचव्या मजल्यावरून एकेक मजला खाली येत. घामाघूम होऊन म्हणाल्या, “साहेब, ड्रम वर कसा नेऊ? मला कुणी सांगितलंच नाही.”

त्या दिवशी मी आणि वॉचमननं पिशव्या खाली आणल्या. दुपारी नोटिशीखाली पेननं एक ओळ वाढवली : लिफ्ट सुरू होईपर्यंत कचऱ्याची पिशवी सकाळी सातच्या आत तळमजल्यावरच्या ड्रममध्ये टाकावी.