चौसष्ट की चौऱ्याऐंशी?

पारनेर तालुक्यातल्या एका शेतकरी गटाच्या सचिवांचा फोन आला, "मॅडम, फॉर्मचे फोटो टाकलेत व्हॉट्सॲपवर. सोमवारी बैठक आहे, मुद्दे काढून द्या." फोटो म्हणजे गुगल फॉर्मच्या 'सारांश' पानाचे स्क्रीनशॉट. एक रंगीत वर्तुळ, एक आडव्या पट्ट्यांची आकृती आणि तालुक्यांची नावं. नगर भागात सर्वेक्षणांचे आकडे जुळवून देणं हेच माझं काम. मूळ शीट कुणी सहसा पाठवत नाही, कारण स्क्रीनशॉट काढणं सोपं असतं. त्या स्क्रीनशॉटमधले आकडे पुढे दिले आहेत. गट ओळखू येऊ नये म्हणून ते थोडे बदललेत, पण हिशोब तोच ठेवला आहे.

पहिला प्रश्न होता, कांदा कुठे साठवता? वर्तुळात तीन टक्के छापलेले होते : कांदा चाळीत ४५.३, 'साठवत नाही, काढला की विकतो' २६.६, घरात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये २३.४. शेतात ढीग लावणाऱ्यांची हिरवी फोड एवढी बारीक होती की तिच्यावर आकडाच नव्हता. वर्तुळाच्या आकृतीत फॉर्म फक्त टक्के दाखवतो, माणसं दाखवत नाही. माणसांचा आकडा असतो प्रश्नाच्या खाली, बारीक राखाडी अक्षरांत. फोटो दोन-तीनदा फॉरवर्ड झालेला, त्यामुळे तिथे `64 responses` आहे की `84 responses`, ते मला कळेना.

अशा वेळी सचिवांना लगेच फोन लावायचा नाही. आधी टक्क्यांनाच विचारायचं. ८४ धरले तर ४५.३ टक्के म्हणजे ३८.०५, म्हणजे ३८ जण. इथे बरेच जण फसतात, कारण उत्तर पूर्णांकाच्या जवळ आलं की ते बरोबरच वाटतं. म्हणून उलटं करून बघायचं. ८४ पैकी ३८ म्हणजे ४५.२ टक्के, आणि फोटोत ४५.३ आहे. दुसऱ्या फोडीने तर शंकाच ठेवली नाही. ८४ चे २६.६ टक्के म्हणजे २२.३४. २२ माणसं धरली तर २६.२ टक्के होतात आणि २३ धरली तर २७.४. मधलं माणूस नसतं.

मग ६४ घेतले. २९, १७ आणि १५ जण, आणि उलट मोजल्यावर तिन्ही टक्के एका दशांशापर्यंत तंतोतंत. बेरीज ६१, म्हणजे हिरव्या फोडीत ३ जण. ही युक्ती चालते, कारण ६४ जणांत एका माणसाचं वजन दीड टक्क्याहून जास्त असतं. उत्तरं हजाराच्या आत असतील तर एका दशांशाचा टक्का एकाच माणूससंख्येला लागू पडतो. हजाराच्या वर गेलं की दोन वेगळ्या संख्यांचा टक्का सारखाच छापला जाऊ शकतो, आणि तिथे 'सुमारे' लिहिण्याला पर्याय नाही.

दुसऱ्या प्रश्नात एकाहून जास्त खुणा करता येत होत्या : साठवणुकीत नुकसान कशाने होतं? अशा प्रश्नाला फॉर्म आडव्या पट्ट्या देतो आणि पट्टीच्या टोकाला माणसं व टक्के दोन्ही लिहितो. सड ४४, वजनातली घट ३८, कोंब फुटणं ३३. कष्ट वाचले म्हणावं तर टक्के आले ७२.१, ६२.३ आणि ५४.१, बेरीज १८८.५. गटातल्या एका उत्साही मुलाने ही बेरीज 'दुरुस्त' केली होती : एकूण खुणा ११५, त्यात सड ४४, म्हणून सडीचं प्रमाण ३८.३ टक्के. हा ३८.३ टक्का माणसांचा नाही, खुणांचा आहे. बैठकीत तो वाचला असता तर ऐकणाऱ्यांना वाटलं असतं, दहातल्या चौघांचाच कांदा सडतो. प्रत्यक्षात दहातल्या सात जणांनी सडीवर खूण केली होती.

इथे प्रश्नाखाली आकडा होता ६१. हे ६१ आले कुठून? दोन शक्यता असतात. एक तर तिघांनी प्रश्न सोडला, नाही तर हा फोटो आधी काढला आणि नंतर आणखी तीन उत्तरं आली. फोटोच्या वरच्या पट्टीतलं घड्याळ पाहिलं. दोन्ही फोटोंत एकच मिनिट. म्हणजे प्रश्न सोडलेलाच. ही तपासणी मी कधीच चुकवत नाही. चालू फॉर्मचे सकाळ-संध्याकाळचे फोटो एकत्र मोजून मी एकदा अख्खा अहवाल परत करून दिला आहे.

पण ६१ मध्ये खरी गंमत वेगळीच होती. कांदा साठवणारे आहेत २९, १५ आणि ३ मिळून ४७. साठवणुकीतल्या नुकसानीबद्दल उत्तर दिलं ६१ जणांनी. म्हणजे 'साठवत नाही' म्हणणाऱ्या १७ पैकी निदान १४ जणांनीही सांगून टाकलं की साठवल्यावर काय होतं. जुना अनुभव असेल, शेजाऱ्याचा असेल. फोटोतून कळत नाही. मुद्द्यांत मात्र हे लिहायलाच हवं.

तालुक्याचा प्रश्न लिहून उत्तर देण्याचा ठेवलेला, त्यामुळे फॉर्मने प्रत्येक लेखन वेगळं मोजलं. नगर ९, `Nagar` २, अहमदनगर ४, अहिल्यानगर ३. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये बदललं, तालुक्याला लोक अजून नगरच म्हणतात. नगर आणि `Nagar` मी एकत्र करून ११ केले. उरलेल्या सातांनी तालुका सांगितला की जिल्हा, हे ठरवणारी मी कोण? जिल्ह्यात चौदा तालुके आहेत. त्या सातांना 'तालुका स्पष्ट नाही' या ओळीत बसवलं.

पाठवलेले मुद्दे चारच होते :

६४ पैकी ४७ जण कांदा साठवतात, त्यातले २९ चाळीत.
नुकसानीच्या प्रश्नाला उत्तर देणाऱ्या ६१ पैकी ४४ जणांनी सड सांगितली. एकाहून जास्त उत्तरं चालत होती.
या ६१ मध्ये सध्या न साठवणारे निदान १४ आहेत.
सात जणांचा तालुका स्पष्ट नाही.

सचिवांना पाचवा मुद्दा हवा होता. "चाळवाल्यांचा कांदा कमी सडतो, एवढं टाका की." दोन आकृत्या शेजारी ठेवल्या म्हणून कुणी कुठे काय लिहिलं ते दिसत नाही. फोटोवरून फार तर हद्द काढता येते. सडीवर खूण न करणारे १७ आणि प्रश्न सोडणारे ३, असे २० च्या २० चाळवाले धरले, तरी उरलेल्या ९ चाळवाल्यांनी सड सांगितलेलीच आहे. जास्तीत जास्त सगळ्या २९ जणांनी. ९ ते २९! एवढ्या रुंद हद्दीत 'कमी' आणि 'जास्त' दोन्ही मावतात. "दादा, मला शीट पाठवा," एवढंच म्हटलं.

रविवारी रात्री शीट आली. सड सांगणारे चाळवाले २९ पैकी १८, शेडवाले १५ पैकी ११. टक्क्यांत ६२ आणि ७३, दिसायला फरक ठसठशीत. पण शेडवाल्यांतल्या दोघांनी ती खूण केली नसती तर ९ राहिले असते, म्हणजे ६० टक्के, आणि पारडं उलटं झालं असतं. अहवालात मी दोन्ही आकडे दिले, 'कमी सडतो' हे वाक्य घातलं नाही.